दिवा लुकलुकतोय, पण मोटर बंद होत नाही

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या बागेतून तक्रार आली ती अशी. मिसकॉल दिला, मोटर चालू झाली. तासाभराने बंद करायला पुन्हा मिसकॉल दिला, तर मोटर बंद होईना. दोन वेळा, चार वेळा कॉल केला, रिंग पूर्ण वाजत राहिली, पण पलीकडून कोणी कापेना. शेवटी शेतात जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबावं लागलं. डब्याची लाइट बंद करून चालू केली की सगळं पुन्हा नीट.

शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारे हे डबे खानदेशात आता कोणाला नवे नाहीत. आत एक सिमकार्डचा मोडेम असतो, एक छोटी प्रोसेसर चिप आणि स्टार्टरला जोडलेला रिले. या डब्याचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये कायमचा भरलेला प्रोग्राम, सांभाळण्याचं काम जळगावच्या एका छोट्या कंपनीत कल्याणीकडे आलं होतं. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. (कंपनी, कल्याणी आणि बाकीची माणसं मी रचली आहेत. चिपा, त्यांची रजिस्टरं आणि त्यांचं वागणं मात्र खरं आहे, आणि लेख त्यासाठीच आहे.)

तक्रारी थोड्या होत्या, पण थांबत नव्हत्या. एकाच शेतकऱ्याकडे तीन-चार महिन्यांत एखादेवेळी असं व्हायचं. पन्नासेक डबे शेतात होते, त्यामुळे ऑफिसात मात्र दर दोन-तीन दिवसांनी कोणाचा तरी फोन यायचा. टेबलावर ठेवलेल्या डब्यात हा बिघाड एकदाही दिसला नव्हता.

पुढचं कळायला इंटरप्ट म्हणजे काय ते आधी पाहू. प्रोसेसर आपला मुख्य प्रोग्राम एका चक्रात फिरवत असतो: कॉल आला का बघ, व्होल्टेज बघ, रिले सांभाळ. मध्येच मोडेमकडून एक अक्षर आलं तर ते लगेच उचलावं लागतं. त्यासाठी अक्षर घेणारा विभाग, त्याला यूआर्ट म्हणतात, स्वतःच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या नोंदीच्या खान्यात, एक बिट १ करतो. हा बिट म्हणजे फ्लॅग. फ्लॅग वर गेला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे ठेवतो, त्या विभागासाठी लिहिलेलं छोटं फंक्शन चालवतो आणि परत येऊन राहिलेलं काम पुढे नेतो.

दवाखान्यात पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो. नर्सने जाऊन पाणी दिलं, उशी सारखी केली, एवढ्याने तो दिवा विझत नाही. खाटेजवळचं रीसेटचं बटण दाबावं लागतं. ते विसरून ती परत आली तर दिवा लागलेलाच असतो, म्हणजे पुन्हा त्याच खाटेकडे जाणं आलं. माणूस दुसऱ्या फेरीला वैतागून शोध घेईल. प्रोसेसर वैतागत नाही. फ्लॅग वर आहे तोवर तो फंक्शन संपवतो आणि त्याच क्षणी त्याच फंक्शनमध्ये पुन्हा शिरतो. मुख्य प्रोग्रामची एक ओळसुद्धा पुढे सरकत नाही. याला इंटरप्टचं वादळ म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्येक फ्लॅग खाली आणायची रीत वेगळी, आणि घोळ होतो तो इथे. एकाच चिपमध्ये टायमरचा फ्लॅग शून्य लिहून उतरतो, बाहेरच्या पिनवरच्या इंटरप्टचा फ्लॅग एक लिहून उतरतो, आणि यूआर्टचा ‘अक्षर आलं’ हा फ्लॅग नुसतं अक्षर वाचलं की आपोआप उतरतो. हे पाठ करून चालत नाही. दर वेळी त्या चिपच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये त्या बिटाची ओळ उघडून बघावी लागते. फ्लॅग उतरवायला कायमच विसरलं असेल तर डबा पहिल्याच अक्षराला अडकतो आणि चूक दहा मिनिटांत सापडते. कल्याणीच्या डब्यातला फ्लॅग मात्र वरच क्वचित जायचा.

सुरुवातीला तिने जे कोणीही करेल तेच केलं. अँटेना बदलली, वीजपुरवठ्यावर स्कोप लावला, मोटर चालू होताना येणारा झटका डब्यापर्यंत पोहोचतो का ते पाहिलं. शेतातल्या उपकरणात काही अडलं की विजेवर संशय घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. इथे ठरला नाही.

वाट सापडली ती फोनवरच्या एका वाक्याने. चोपड्याचे ते शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणाले, “ताई, दिवा ते लुकलुक करी राह्यना, पन मोटर बंद व्हयनी नही.”

डब्यावर एक हिरवा दिवा होता. सेकंदाला एकदा लुकलुकतो, म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे असा त्याचा अर्थ. डबा हँग झाला असेल तर दिवा थांबायला हवा. शिवाय चिपमध्ये वॉचडॉग होता: ठरावीक वेळात प्रोग्रामने त्याला ‘मी आहे’ असं कळवलं नाही तर तो चिप रीसेट करतो. तोही गप्प होता. कल्याणीने कोड उघडला तेव्हा दिसलं की दिवा आणि वॉचडॉग दोन्ही टायमर ३ च्या इंटरप्टमधून चालतात. मुख्य चक्राचा त्यांच्याशी संबंधच नव्हता. मुख्य चक्र मेलं तरी दिवा लुकलुकणार आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटणार. हे कोणी लिहिलं होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता. असं लिहिलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, कारण तिथून वॉचडॉगला खूण देणं सगळ्यात सोयीचं पडतं.

म्हणजे मुख्य चक्र अडकलंय, पण इंटरप्ट चालू आहेत. कुठे अडकलंय हे कळायला अडकलेला डबाच हवा होता, तोही लाइट न घालवता. इथे शेतीच्या विजेची अडचण. थ्री-फेज ठरलेले तासच असते. ती गेली की डबा बंद होतो, परत आली की नव्याने सुरू होतो, आणि बिघाड पुराव्यासकट पुसला जातो. बरेच शेतकरी तक्रारसुद्धा करत नसत, कारण लाइट येऊन-जाऊन सगळं आपोआप ठीक व्हायचं. तिने नानांना आणि आणखी काही जणांना सांगून ठेवलं: पुन्हा झालं तर स्टार्टरच्या लाल बटणाने मोटर बंद करा, पण डब्याचा स्विच बंद करू नका, आणि लगेच मला फोन करा.

फोन आला तेव्हा लाइट जायला साडेतीन तास होते. लॅपटॉप आणि एसटी-लिंक नावाचं छोटं डीबगर घेऊन ती पोहोचली. डबा उघडून चार तारा जोडल्या. डीबगर जोडताना चिप रीसेट होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. काही सॉफ्टवेअर जोडतानाच रीसेट देतात आणि तीन महिन्यांची वाट पाहणं पाण्यात जातं. `openocd` चालू करून तिने `gdb` मधून चिप थांबवली आणि प्रोसेसर कुठे आहे ते विचारलं.

```
(gdb) monitor halt
(gdb) bt
#0  USART1_IRQHandler ()
#1  <signal handler called>
#2  flash_erase_page ()
#3  save_state ()
```

पुन्हा चालू केली, पुन्हा थांबवली. दर वेळी प्रोसेसर यूआर्टच्या इंटरप्ट फंक्शनमध्ये, आणि त्याखाली मुख्य प्रोग्राम नेमका त्याच ओळीवर: फ्लॅश मेमरीचं पान पुसून होण्याची वाट बघताना. मोडेम त्या वेळी काहीही पाठवत नव्हता. तरी यूआर्टचा इंटरप्ट का यावा? तिने यूआर्टचं स्थिती सांगणारं रजिस्टर वाचलं.

```
(gdb) x/1xw 0x4001381c
0x4001381c:     0x006000d8
```

ऑफिसात फोन करून तिने चांगल्या डब्यावर तेच रजिस्टर वाचायला सांगितलं. तिथे `0x006000d0` आलं. फरक फक्त शेवटच्या अंकात, ८ आणि ०. म्हणजे एकच बिट, शून्यापासून मोजलं तर तिसऱ्या क्रमांकाचा. मॅन्युअलमध्ये त्याचं नाव `ORE`, ओव्हररन एरर. आणि ‘अक्षर आलं’ सांगणारा `RXNE`, पाचव्या क्रमांकाचा बिट, तो दोन्हीकडे शून्य.

“अगं, ओव्हररन आला कुठून?” पलीकडून सरांनी विचारलं. “९६०० वर चालतंय मोडेम. एक अक्षर यायला मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात आपली चिप हजारो सूचना पार पाडते.”

“चिप चालू असेल तर पाडते, सर.”

ओव्हररन म्हणजे आधीचं अक्षर उचललं जाण्याआधी पुढचं येऊन धडकणं. या यूआर्टमध्ये एकच अक्षर ठेवायला जागा असते. ते तिथे असताना दुसरं पूर्ण आलं की ते हरवतं आणि `ORE` वर जातो. प्रोसेसर वेळेवर असेल तर हे होत नाही. पण डब्यात एक जागा अशी होती जिथे प्रोसेसर पूर्ण थिजायचा.

लाइट गेली-आली तरी मोटरची स्थिती लक्षात राहावी म्हणून प्रत्येक कॉलनंतर एक नोंद फ्लॅश मेमरीत लिहिली जाई. प्रोग्रामही त्याच फ्लॅशमधून चालतो. नोंद लिहिणं मायक्रोसेकंदांचं काम. पण नोंदी भरल्या की पान पुसावं लागतं, आणि STM32F051 या चिपवर पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ फ्लॅश वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणजे पुढची सूचनाच मिळत नाही, आणि इंटरप्टचं फंक्शनही फ्लॅशमध्येच असल्याने तेही चालू शकत नाही. त्या वेळात मोडेमने दोन किंवा जास्त अक्षरं पाठवली तर ओव्हररन ठरलेला.

मग नेमकं तेव्हाच मोडेम काय पाठवत होता? मिसकॉल देताना माणूस काय करतो ते आठवा. फोन लावतो, पहिली रिंग ऐकू आली की कापतो. डब्यात मोडेम आधी `RING` पाठवतो, पाठोपाठ नंबर पाठवतो. नंबर ओळखीचा निघाला की फर्मवेअर रिले ओढतं, नोंद लिहितं आणि मग कॉल कापायची आज्ञा देतं. पण शेतकऱ्याने त्याआधीच कापला तर मोडेम `NO CARRIER` असा निरोप पाठवतो. मागे-पुढे येणारी ओळ बदलायची अक्षरं धरून ते १४ बाइट होतात. ९६०० बॉडवर बाइटला साधारण १.०४ मिलिसेकंद, म्हणजे निरोप साडेचौदा मिलिसेकंदांचा. तो पुसण्याच्या वेळेवर पडला की संपलं. टेबलावर तपासणारे इंजिनियर कॉल लावून शांत बसत आणि डब्याने कॉल कापायची वाट बघत. कापायची घाई शेतकऱ्याला असते, कारण कॉल उचलला गेला तर पैसे जातील ही जुनी सवय. म्हणून ऑफिसात बिघाड कधीच आला नाही.

आता हिशेब लावू. पान पुसायला ३० मिलिसेकंद धरले आणि निरोपाची लांबी मिळवली तर धोक्याची फट सुमारे ४० मिलिसेकंदांची होते. शेतकऱ्याचं कापणं एका सेकंदात कुठेही पडू शकतं असं धरलं, तर फटीत पडण्याची शक्यता पंचविसात एक. पानावर १६ नोंदी मावायच्या, म्हणजे पुसणं दर सोळाव्या कॉलला. दोन्ही मिळून चारशे कॉलमागे एक. दिवसाला चार कॉल करणाऱ्याला शंभर दिवसांतून एकदा. तक्रारींचं गणित जवळपास तंतोतंत जुळलं. अडकण्याआधी रिले ओढला गेलेला असतो, म्हणून मोटर चालू करताना अडकलं तर ती चालूच राहते आणि फोन येतो. बंद करताना अडकलं तर मोटर बंद पडलेली असते. मग पुढच्या वेळी चालू होत नाही, शेतकरी लाइट बंद-चालू करतो आणि विसरून जातो.

ओव्हररनमुळे एखादं अक्षर हरवलं असतं एवढंच. डबा कायमचा का अडकला? इथे त्या इंटरप्ट फंक्शनकडे यावं लागतं.

```c
void USART1_IRQHandler(void)
{
    if (USART1->ISR & USART_ISR_RXNE)
        rx_put(USART1->RDR);
}
```

‘अक्षर आलं’चा इंटरप्ट चालू केला की त्याच परवानगीवर ओव्हररनही इंटरप्ट देतो. वेगळी परवानगी लागत नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुसणं संपलं, प्रोसेसर जागा झाला, फंक्शनमध्ये शिरला, `RXNE` दिसला, अक्षर वाचलं, `RXNE` उतरला. `ORE` तसाच राहिला. बाहेर पडताच पुन्हा आत. आता `RXNE` शून्य, म्हणून काहीच न करता बाहेर. पुन्हा आत. टायमर ३ ची प्रायॉरिटी यूआर्टइतकीच होती. दोघे एकाच वेळी वाट बघत असतील तर कमी क्रमांकाचा इंटरप्ट आधी जातो, टायमर ३ चा क्रमांक १६ आणि यूआर्ट १ चा २७. म्हणून टायमरला आपली पाळी मिळत राहिली आणि दिवा लुकलुकत राहिला.

सरांना एक गोष्ट पटेना. हेच फंक्शन जुन्या डब्यांत वर्षानुवर्षं चाललं होतं. खरंच चाललं होतं, पण दुसऱ्या चिपवर. २०२१ मध्ये चिपांची टंचाई झाली तेव्हा STM32F103 मिळेना, म्हणून नवा बोर्ड F051 वर केला होता. जुन्या चिपमध्ये `ORE` उतरवायची रीत अशी: आधी स्थितीचं `SR` रजिस्टर वाचा, मग अक्षराचं `DR` वाचा. जुनं फंक्शन नेमकं त्याच क्रमाने वाचत होतं, त्यामुळे `ORE` कोणाच्या लक्षातही न येता उतरत होता. पान पुसताना ती चिपही थिजायची, अक्षरं तिथेही हरवायची, पण अडकायची नाही. नव्या चिपमध्ये वाचून काही होत नाही. `ICR` या वेगळ्या रजिस्टरात `ORECF` बिट लिहावा लागतो. कोड बदलताना `SR` च्या जागी `ISR` आणि `DR` च्या जागी `RDR` टाकलं गेलं, कंपाइलरने तक्रार केली नाही, आणि जी ओळ आधी लागतच नव्हती ती कोणाला सुचली नाही. जुनी चिपसुद्धा पूर्ण सुरक्षित नव्हती, बरं का: `SR` आणि `DR` वाचण्याच्या मधल्या क्षणी अक्षर धडकलं तर तिथेही `ORE` एकटाच वर राहू शकतो, आणि मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पण ती फट काही सूचनांएवढी अरुंद.

दुरुस्ती लिहिण्याआधी कल्याणीने बिघाड टेबलावर उभा केला, आणि हे मला तिच्या कामातलं सगळ्यात आवडलं. मोडेम काढून लॅपटॉपची सीरियल तार जोडली. सोळा नोंदींऐवजी प्रत्येक नोंदीला पान पुसायला लावलं. मग लॅपटॉपवरून नंबर पाठवून `NO CARRIER` पाच-पाच मिलिसेकंद सरकवत पाठवायची छोटी स्क्रिप्ट चालवली. काही मिनिटांत डबा अडकला, रजिस्टरात तोच `d8`. शंभर दिवसांतून एकदा होणारी गोष्ट हवी तेव्हा घडवता आली, म्हणून दुरुस्तीने ती गेली की नाही हेही निश्चित सांगता आलं.

```c
void USART1_IRQHandler(void)
{
    uint32_t s = USART1->ISR;

    if (s & USART_ISR_ORE) {
        USART1->ICR = USART_ICR_ORECF;
        rx_lost++;
    }
    if (s & USART_ISR_RXNE)
        rx_put(USART1->RDR);
}
```

`CR3` मधला `OVRDIS` बिट लावून ओव्हररनची दखलच बंद करता येते, सरांनी तेही सुचवलं. तिने नको म्हटलं, कारण मग अक्षरं हरवतात किती ते कळायला मार्ग उरत नाही. `rx_lost` हा आकडा ती आता रोजच्या स्थितीच्या एसएमएसमध्ये पाठवते.

फ्लॅग उतरवला म्हणून हरवलेली अक्षरं परत येत नाहीत. `NO CARRIER` अर्धवट आलं तर कॉल संपला हे फर्मवेअरला कळणार नाही, म्हणून निरोप वाचणाऱ्या भागाला वेळेची मर्यादा घातली: ठरलेल्या वेळात ओळ पूर्ण झाली नाही तर ती टाकून द्यायची आणि मोडेमला स्थिती विचारायची. वॉचडॉगची खूण टायमरमधून काढून मुख्य चक्रात आणली. पुढच्या आवृत्तीत अक्षरं डीएमएने थेट रॅममध्ये घ्यायचं ठरलंय. डीएमएला प्रोसेसर लागत नाही, त्यामुळे पान पुसत असतानाही अक्षरं रॅममध्ये पोहोचत राहतात. तोवर पुसण्याचं काम कॉल पूर्ण संपेपर्यंत पुढे ढकललं आहे. नानांच्या डब्यात नवं फर्मवेअर भरायला ती गेली तेव्हा आधीच नवं फर्मवेअर भरलेल्या डब्यांच्या एसएमएसांवरून कोणत्या डब्यांत अक्षरं जास्त हरवतात याची यादी तिच्याकडे तयार होती, आणि त्यातले दोन डबे त्याच रस्त्यावर होते.